सोलापूरची गाडी कर्नाटकात विकताना: एनओसी आणि नाव ट्रान्सफरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातून विजयपूर रस्त्याने निघालं आणि टाकळीचा भीमेवरचा पूल ओलांडला की कर्नाटक लागतं. अक्कलकोटकडून गेलं तरी तेच. त्यामुळे आपल्या एमएच-13 गाड्यांना इंडी, विजयपूर, अफझलपूर, कलबुर्गी इथून गिऱ्हाईक येतं, आणि बरेचदा भावही बरा देतं. व्यवहार एका दिवसात होतो. कागद मात्र दोन राज्यांतून फिरतो, आणि तो फिरत असताना गाडी कोणाच्या नावावर आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं. माझ्या मोठ्या भावाची गाडी अशीच इंडीकडच्या एका मास्तरांना विकली, तेव्हा आम्ही एक चूक केली आणि ती निस्तरायला जवळजवळ तीन महिने गेले. तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक जे प्रश्न विचारतात, ते आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. खासगी कार आणि दुचाकी धरूनच लिहिलं आहे. टॅक्सी-टेम्पोला परमिटचे वेगळे कागद लागतात.

एनओसी म्हणजे नेमकं काय? ती मिळाली की गाडी माझ्या नावावरून जाते का?

नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

एनओसी म्हणजे आपल्या आरटीओने दुसऱ्या आरटीओला दिलेलं पत्र: या गाडीवर आमच्याकडे कर थकलेला नाही, चोरीची नोंद नाही, तुम्ही तुमच्याकडे नोंद करून घ्यायला आमची हरकत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 48 मध्ये ही तरतूद आहे. त्या पत्राने मालक बदलत नाही. मालक बदलतो तो घेणाऱ्याच्या आरटीओत, तिथे कागद दाखल होऊन, कर भरून, गाडीला नवा नंबर पडतो तेव्हा.

म्हणजे एनओसी हातात आल्यापासून नवी आरसी निघेपर्यंत गाडी घेणाऱ्याच्या दारात असते, पैसे तुमच्या खात्यात असतात आणि सरकारदरबारी मालक तुम्हीच असता. हा मधला काळ पंधरा दिवसांचा असू शकतो किंवा घेणाऱ्याने आळस केला तर पाच वर्षांचाही. खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख हा काळ लहान करण्यावर आणि तेवढ्या काळात आपली बाजू कागदावर पक्की ठेवण्यावर आहे.

मधल्या काळात गाडीचा अपघात झाला तर जबाबदारी कोणाची?

कायद्याच्या कलम 2(30) मध्ये 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो, अशी व्याख्या आहे. 2018 मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी अनेकदा विकली गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याचंच होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. विक्रीची चिठ्ठी होती, ताबा दिलेला होता, तरीही.

म्हणून "स्टँपवर लिहून घेतलंय, आता माझा काय संबंध" या भरवशावर राहू नका. स्टँपचा कागद हवाच. पोलिसांना उत्तर द्यायला आणि घेणाऱ्याकडून नुकसान वसूल करायला तो कामी येतो. पण आरसीवरचं नाव त्याने पुसलं जात नाही.

एनओसी कोणत्या आरटीओच्या नावाने काढायची?

आमची चूक नेमकी इथेच झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एनओसीवर राज्य आणि आरटीओ दोन्ही नावानिशी असतात. "कर्नाटक" एवढं लिहून भागत नाही. विजयपूरचा केए-28 वेगळा, कलबुर्गीचा केए-32 वेगळा. आणि कोणता आरटीओ हे ठरतं ते घेणारा राहतो कुठे त्यापेक्षाही त्याच्या पत्त्याचा पुरावा कुठला आहे यावर.

आमचे मास्तर नोकरीनिमित्त इंडीला राहत होते. गाडी बघायला आले, भाव ठरला, आम्ही विचारलं, "मास्तर, तुमचं आरटीओ कुठलं?" ते म्हणाले, "विजयपूर." आम्ही विजयपूरच्या नावाने एनओसी काढली. मास्तर कागद घेऊन तिथे गेले आणि आधार कार्ड पुढे केलं. त्यावर पत्ता होता मूळ गावचा, अफझलपूर तालुक्यातला. अफझलपूर कलबुर्गी जिल्ह्यात. विजयपूरचा दुसरा कोणताही पुरावा त्यांच्याकडे नव्हता; घर भाड्याचं, करारही तोंडी. कागद परत आले.

अशा वेळी दोन वाटा असतात. घेणाऱ्याने आधारवरचा पत्ता बदलून घ्यायचा, किंवा एनओसी रद्द करून नव्याने काढायची. मास्तरांची दोन-तीन महिन्यांत बदली होणार होती, म्हणून त्यांना कायमचा पत्ता गावचाच ठेवायचा होता. मग रद्द करणं आलं. त्यासाठी मूळ एनओसी परत द्यावी लागते आणि ज्या आरटीओच्या नावाने ती काढली होती तिथून "या एनओसीवर आमच्याकडे नोंदणी झालेली नाही" असं लेखी आणावं लागतं. हे पत्र आणायला दोन खेपा, रद्द करायला एक अर्ज, मग कलबुर्गीच्या नावाने पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

एवढं सगळं टळलं असतं, जर बयाणा घेतानाच आधारची प्रत बघून त्यावरचा तालुका आणि जिल्हा वाचला असता. आता मी कोणालाही पहिली गोष्ट हीच सांगतो: घेणाऱ्याच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका, ज्या कागदावर तो नोंदणी करणार आहे तो कागद बघा आणि त्यावरून आरटीओ ठरवा.

गाडीवर कर्ज होतं, ते फिटलंय. बँकेची एनओसी आहे. तीच चालेल ना?

नाही, या दोन वेगळ्या एनओसी आहेत आणि नाव एकच असल्यामुळे गल्लत होते. बँकेची एनओसी सांगते की आमचं कर्ज फिटलं. आरटीओची सांगते की गाडी दुसऱ्या हद्दीत जायला हरकत नाही.

आधी आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवावा लागतो. त्याला बँकेचं पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 लागतो, दोन प्रतींत. कर्ज फिटून वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेल्या गाड्या खूप असतात, कारण हप्ते संपले की माणूस निश्चिंत होतो. बँकेच्या पत्राला मुदतही असते, साधारण तीन महिने. जुनं पत्र कपाटात सापडलं तर तारीख बघा. उलटून गेली असेल तर बँकेतून नवं घ्या. आरसीवर बोजा नाही हे दिसल्यानंतरच एनओसीचा अर्ज करा.

अर्ज कसा करायचा?

`parivahan.gov.in` वर वाहनविषयक ऑनलाइन सेवांमध्ये जायचं, राज्य महाराष्ट्र निवडायचं, गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकायचे. ओटीपी आरसीशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. बऱ्याच लोकांचा अर्ज इथेच अडतो, कारण गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये दिलेला नंबर बंद पडलेला असतो. त्याच साइटवर मोबाइल नंबर बदलण्याची सोय आहे. ते आधी उरका.

पुढे सेवांच्या यादीतून एनओसी निवडायची, कोणतं राज्य, कोणता आरटीओ, कारण काय ते भरायचं, फी भरायची आणि फॉर्म 28 छापून घ्यायचा. तो तीन प्रतींत लागतो आणि त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा चिकटवायचा असतो. चेसिस नंबर कुठे कोरलेला आहे हे गाडीगणिक बदलतं. कुठे बॉनेटखाली, कुठे ड्रायव्हर सीटच्या बाजूला. पातळ कागद त्यावर ताणून धरायचा आणि मऊ शिसाची पेन्सिल आडवी घासायची. घाई केली की एखादं अक्षर अर्धवट उमटतं आणि तेवढ्यासाठी फॉर्म परत येतो. चार-पाच ठसे काढून ठेवा. घेणाऱ्यालाही पुढे लागतील, आणि गाडी एकदा त्याच्याकडे गेली की तुम्हाला ठसा मिळणार नाही.

सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा. चोरीची नोंद नसल्याची खात्री आरटीओला करायची असते, म्हणून एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीत गाडी नसल्याचा दाखलाही मागतात. तो ऑनलाइन निघतो. त्यासाठी चेसिस आणि इंजिन नंबर आरसीवर आहेत तसेच, एकही अक्षर न चुकवता टाकावे लागतात.

ई-चलान बाकी असेल तर?

आधी भरा. महाराष्ट्रातल्या वाहतूक पोलिसांच्या चलानांची बाकी `mahatrafficechallan.gov.in` वर गाडीच्या आणि चेसिसच्या नंबरवरून दिसते. पुण्या-मुंबईच्या फेऱ्या झालेल्या गाडीवर एखादं चलान बहुधा निघतंच, आणि मोबाइल नंबर जुना असेल तर त्याचा मेसेजही आलेला नसतो.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचंही तेच. 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदलेल्या गाडीला ती बसवलेली नसेल तर महाराष्ट्रात आरटीओची कामं अडतात. कर्नाटकात नवा नंबर पडल्यावर ही प्लेट उतरून तिथली बसणार, हा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो हे खरं. पण इथला कागद पुढे सरकायला ती लागते.

आरटीओ किती दिवसांत एनओसी देतो? दिलीच नाही तर?

कागद नीट असतील तर सहसा काही दिवसांत काम होतं. कायद्यात याला तीस दिवसांची मर्यादा आहे. अर्ज दिल्याची पावती द्यावी लागते, आणि तीस दिवसांत होकार किंवा नकार काहीच कळवलं नाही तर एनओसी दिली असं मानलं जातं. नाकारायची असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. म्हणून पावती जपून ठेवा. तारखेचा पुरावा तीच आहे.

एनओसी काढली आणि व्यवहार फिसकटला तर?

तर ती रद्द करून घ्यावी लागते. एनओसी निघाली की 'वाहन' प्रणालीत गाडीवर तशी नोंद पडते आणि मग त्या गाडीची इतर कामं, म्हणजे बोजा चढवणं, पत्ता बदलणं, सोलापुरातल्याच कोणाच्या नावावर करणं, इथे होत नाहीत. म्हणून बयाणा हातात आल्याशिवाय आणि घेणाऱ्याचे कागद बघितल्याशिवाय एनओसी काढू नका. "आधी काढून ठेवतो, गिऱ्हाईक नंतर बघू" असं करणारे पुढे अडकतात.

टीटी फॉर्मवर मी सह्या करून देऊ का? एजंट कोऱ्या फॉर्मवर सह्या मागतोय.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. यावर माझं मत ठाम आहे.

आपल्याकडे ज्यांना टीटी फॉर्म म्हणतात ते म्हणजे फॉर्म 29 आणि फॉर्म 30. फॉर्म 29 ही विकणाऱ्याने विक्रीची दिलेली सूचना, दोन प्रतींत. फॉर्म 30 हा मालकी बदलाचा अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या. यात घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि विक्रीची तारीख भरलेली असेल तरच सही करा, आणि सही झाल्यावर मोबाइलवर फोटो काढा. नाव कोरं ठेवलं की गाडी एकाच्या हातून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाऊ शकते, आणि शेवटी ज्याच्या नावाने फॉर्म भरला जातो तो माणूस तुम्ही कधी बघितलेलाही नसतो. दरम्यानच्या सगळ्या काळात आरसीवर तुम्ही.

गाडी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला देत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का विचारा. 1 एप्रिल 2023 पासूनच्या नियमांत अधिकृत व्यापाऱ्याला गाडी दिल्याची सूचना फॉर्म 29सी मध्ये आरटीओला ऑनलाइन द्यायची सोय आहे. ती दिली की गाडी विकली जाईपर्यंत तो व्यापारी मालक मानला जातो आणि एनओसीचा अर्जही तोच करू शकतो. विकणाऱ्याचा जीव सुटणारी ही तरतूद आहे, पण व्यापारी अधिकृत असेल तरच.

घेणाऱ्याला त्याच्या आरटीओत काय करावं लागतं?

मूळ एनओसी, मूळ आरसी, फॉर्म 29 आणि 30, नव्या नंबरासाठी फॉर्म 27, विमा, पीयूसी, पॅन आणि पत्त्याचा पुरावा एवढं घेऊन गाडीसकट जायचं. मोटार वाहन निरीक्षक चेसिस-इंजिन नंबर ताडून बघतात. मग तिथला कर, फी, आणि केए नंबर. कायद्याने घेणाऱ्याला यासाठी गाडी घेतल्यापासून तीस दिवस आहेत.

गाडीचं मूळ खरेदी बिल शोधून द्या. कर ठरवताना मूळ किंमत आणि गाडीचं वय बघतात, आणि बिल नसलं की तिथे वाद होतो.

कर पुन्हा भरावा लागतो? मी इथे एकरकमी भरलाय.

हो, घेणाऱ्याला त्याच्या राज्याचा कर नव्याने भरावा लागतो. तुम्ही भरलेला कर महाराष्ट्राचा. तो गाडीबरोबर सीमा ओलांडत नाही. गाडीचं वय जास्त तसा तिथला कर कमी, पण तो किरकोळ नसतो. भावाची गाडी नऊ वर्षांची, मूळ किंमत सहा लाखांच्या आसपास, सौदा 2,90,000 चा. मास्तरांना कर्नाटकात चाळीस हजारांच्या पुढे कर भरावा लागला. त्यांना हा आकडा आधी माहीत नव्हता आणि "तुम्ही बोलला नाहीत" म्हणून ते नाराज झाले, ते बरोबरच होतं. नाव ट्रान्सफर रखडण्यामागे बहुतेक वेळा आळस नसतो, हाच कर असतो. माणसाने सगळे पैसे गाडीत घातलेले असतात, कराला उरत नाहीत, आणि मग तो एमएच नंबरवरच गाडी पळवतो. म्हणून भाव ठरवतानाच घेणाऱ्याला त्याच्या आरटीओतून कराचा अंदाज काढायला लावा. गरज पडली तर चार पैसे कमी घ्या, पण कर त्याच्या हिशेबात आलेला असू द्या.

इथे भरलेल्या एकरकमी करातला काही भाग परत मिळतो. दुसऱ्या राज्यात नोंद होऊन कर भरल्याचा पुरावा, म्हणजे नवी आरसी आणि कराची पावती, जोडून सोलापूरला अर्ज करायचा. वय वाढेल तशी ही रक्कम घटते. परतावा कोणी ठेवायचा हे विक्रीपत्रात लिहून टाका. त्याचा एक फायदा असा की नव्या आरसीची प्रत तुम्हाला देण्यात घेणाऱ्यालाही रस राहतो.

घेणारा नाव बदलून घेतच नाही. मी काय करू शकतो?

आधी कायदा काय सांगतो ते बघा. कलम 50 नुसार नाव बदलाची जबाबदारी एकट्या घेणाऱ्यावर नाही. गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल तर विकणाऱ्याने विक्रीपासून 45 दिवसांच्या आत एनओसी तिथल्या आरटीओकडे पोचवायची असते. ती मूळ प्रत घेणाऱ्याच्या हाती देऊन आपण मोकळे होतो, आणि तिथेच दोर सुटतो.

आम्ही काय केलं ते सांगतो. दुसरी, कलबुर्गीची एनओसी मिळाल्यावर तिची प्रत, भरलेला फॉर्म 29, विक्रीपत्राची आणि मास्तरांच्या आधारची प्रत, असं एक पाकीट कलबुर्गी आरटीओला पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं. तसंच एक सोलापूर आरटीओत आवक शिक्का घेऊन दिलं. मूळ एनओसी घेऊन भाऊ स्वतः मास्तरांबरोबर कलबुर्गीला गेला. एक दिवस मोडला, पण कागद खिडकीत पडलेला डोळ्यांनी बघितला.

शिवाय दहा हजार रुपये अनामत घेतली होती, नवी आरसी दाखवली की परत, असं विक्रीपत्रातच लिहून. मास्तर सरळ माणूस होते, तरी ही रक्कम मला आवश्यक वाटते. पहिली एनओसी चुकली त्या काळात मास्तरांच्या मुलाने गाडी जोरात चालवली आणि वेगमर्यादेचं चलान भावाच्या मोबाइलवर आलं. मास्तरांनी ते लगेच भरलं. भरलं नसतं, तर दुसऱ्या एनओसीचा अर्ज तेवढ्यासाठी अडला असता.

घेणारा फोनच उचलत नसेल तर लेखी नोटीस पाठवा, दोन्ही आरटीओंना आणि आपल्या पोलीस ठाण्याला विक्रीची तारीख-वेळ कळवून शिक्का घ्या. गाडी ताब्यात देताना विक्रीपत्रात तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटरचं रीडिंग लिहायचं ते यासाठीच.

विम्याचं काय? पॉलिसी तशीच राहू दिली तर?

घेणाऱ्याने चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. दुसऱ्याला झालेल्या इजेचं संरक्षण कायद्याने आपोआप पुढे जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा नाव बदलल्याशिवाय अडकतो. नो क्लेम बोनस मात्र तुमचा आहे, गाडीचा नाही. तो राखून ठेवल्याचं पत्र कंपनीकडून घ्या. तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला वापरता येतो.

फास्टॅग?

ज्या बँकेचा आहे तिथे गाडी विकल्याचं कळवून बंद करा आणि काचेवरून खरवडून काढा. नुसता काढला आणि खातं चालू ठेवलं, किंवा उलट केलं, तर घोळ होतो.

नाव बदललं हे मला कसं कळणार?

घेणाऱ्याच्या शब्दावर थांबू नका. नवा केए नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन ॲपवर टाका. मालकाचं नाव काही अक्षरं झाकून दिसतं, पण तुमचं नाही एवढं ओळखता येतं. नोंदणीचा आरटीओही दिसतो. चेसिस नंबर नव्या आरसीच्या प्रतीवर जुन्याशी जुळवून बघा. भावाने तो जुळवला, प्रत फाइलला लावली आणि त्याच दिवशी मास्तरांचे दहा हजार परत केले.